फोटो हललाय की फोकस गेलाय?

“फोटो ब्लर आला” असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळी दुखणी लपलेली असतात. एक म्हणजे फोटो हललेला असणं. शटर उघडं असताना कॅमेरा सरकला, नाहीतर समोरचा माणूस. दुसरं म्हणजे फोकस सुटलेला असणं. सगळं स्थिर होतं, पण चेहरा त्या लेन्सच्या स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याबाहेर राहिला. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात आणि ऑटो मोडमध्ये हा फरक कळून फारसा उपयोगही नसतो. मॅन्युअलवर आलात की मात्र तो आधी ओळखावा लागतो, कारण एकाचा उपाय दुसऱ्याला बिघडवतो.

ते कसं, ते बघू. हललेल्या फोटोला वेगवान शटर हवं. शटर वेगवान केलं की प्रकाश कमी पडतो आणि तो भरून काढायला हात आपोआप लेन्सचं भोक म्हणजेच अ‍ॅपर्चर मोठं करायला जातो. पण अ‍ॅपर्चर मोठं झालं की स्पष्टतेचा पट्टा अरुंद होतो आणि फोकस सुटण्याची शक्यता वाढते. उलट फोकस सुटतोय म्हणून अ‍ॅपर्चर लहान केलं, तर शटर मंद करावं लागतं आणि फोटो हलतो. म्हणजे चुकीचं निदान केलं, तर औषधानेच आजार वाढतो.

ओळखायचं कसं? फोटो पूर्ण झूम करा आणि एखादा चमकणारा बिंदू शोधा: नथीचा मोती, बांगडीवरची तिरीप, डोळ्यातला दिव्याचा ठिपका. हललेल्या फोटोत हा बिंदू रेघ होतो. फोकस गेलेल्या फोटोत तो फुगून गोल चकती होतो. सगळ्या फोटोत रेघा एकाच दिशेला असतील तर तुमचा हात हललाय. फक्त हातापायांवर असतील आणि मागची भिंत स्वच्छ असेल तर माणूस हललाय. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन पहिल्यासाठी आहे, दुसऱ्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही.

चकती दिसली तर जमिनीकडे बघा. सतरंजीच्या किंवा फरशीच्या एका आडव्या पट्ट्यात विणकाम, सांधे अगदी टोकदार दिसतील. तो पट्टा माणसाच्या पुढे आहे की मागे, त्यावरून फोकस कुठे गेला ते कळतं. (केस मेणासारखे गुळगुळीत दिसत असतील, रेघही नाही आणि चकतीही नाही, तर ते तिसरंच प्रकरण: आयएसओ फार वर गेल्यावर कॅमेऱ्याने दाणे पुसताना बारकावेही पुसले.)

आता थोडा हिशोब. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा झाला की त्याला एक स्टॉप म्हणतात. शटर १/६० वरून १/१२५ केलं की प्रकाश निम्मा होतो. अ‍ॅपर्चरचे आकडे मात्र उलटे चालतात: एफ २, एफ २.८, एफ ४ अशा प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा. कारण हा आकडा म्हणजे भागाकार आहे. ३५ मिमीच्या लेन्सवर एफ २ म्हणजे साडेसतरा मिलिमीटर व्यासाचं भोक, एफ ४ म्हणजे पावणेनऊ. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ चौथाई होतं, म्हणून मध्ये दोन स्टॉप. आयएसओही ८००, १६००, ३२०० असा दुपटीने चढतो, पण तो एक थेंबही जास्त प्रकाश आत आणत नाही. आलेला तोकडा प्रकाश फक्त उजळ करून दाखवतो, आणि फोटोतले दाणे मुख्यतः त्या तोकडेपणाचे असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत चाकाच्या तीन खटक्यांचा एक स्टॉप होतो.

मंगळागौरीचे खेळ घ्या. हॉलमध्ये ट्यूबलाइट, तुमच्याकडे क्रॉप सेन्सरचा कॅमेरा आणि ३५ मिमी एफ १.८ लेन्स, फुगडी घालणारी जोडी तीन मीटरवर. समजा ऑटोने एफ २.८, १/६० आणि आयएसओ ८०० दिलं. हाताच्या थरथरीला १/६० पुरतं, कारण हातातल्या कॅमेऱ्याला शटर साधारण एक भागिले लेन्सचे मिलिमीटर इतकं तरी वेगवान लागतं आणि क्रॉप सेन्सरवर ते मिलिमीटर साधारण दीडपट धरतात: ३५ गुणिले दीड म्हणजे साधारण ५२ आणि १/६० हे १/५२ हून वेगवान आहे. तरी फोटोत भिंत स्वच्छ आणि चेहऱ्यांवर आडव्या रेघा. म्हणजे बायका हलल्यात.

सरळसोट उपाय असा की शटर १/५०० करायचं. ते तीन स्टॉप झाले. पण जोडी कॅमेऱ्याच्या रेषेत असेल, एक पाठमोरी पुढे आणि दुसरी मागे, तर दोघींमध्ये मीटरभर अंतर असतं आणि या अंतरावर एफ २.८ चा पट्टा जेमतेम ८० सेंटिमीटर. दोघी हव्यात तर एफ ४ लागेल, अजून एक स्टॉप गेला. चार स्टॉप आयएसओने भरायचे तर ८०० वरून १२,८०० वर जावं लागतं. फोटो निघेल, पण साड्यांचे काठ दाण्यांत हरवतील.

माझ्या मते इथे चाकं फिरवण्याआधी फुगडीकडेच नीट बघावं. जोडी तुमच्या समोर आडवी येते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, त्या क्षणी दोन गोष्टी एकदम घडतात. दोघींचे चेहरे तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असतात. आणि त्या वेळी एक तुमच्याकडे येत असते, दुसरी तुमच्यापासून दूर जात असते, म्हणजे फोटोत आडवी हालचाल सगळ्यात कमी असते. रेषेत असताना नेमकं उलट: अंतरही वेगळं आणि आडवा वेगही सर्वांत जास्त. आडव्या क्षणाला १/२५० बऱ्यापैकी पुरतं आणि एफ २ चा साठेक सेंटिमीटरचा पट्टाही चालतो. शटरने दोन स्टॉप खाल्ले, अ‍ॅपर्चरने एक परत दिला, राहिला एक. आयएसओ १६००. तोच खेळ, तेच दिवे, आणि १२,८०० च्या जागी १६००.

त्यासाठी गुंफलेल्या हातांवर आधीच फोकस करून तो लॉक करा, कारण हात दोघींच्या मधोमध, म्हणजे चेहऱ्यांच्याच अंतरावर असतात. प्रत्येक गिरकीत हा क्षण दोनदा येतो. जोडी पूर्ण आडवी होण्याच्या किंचित आधी बटण दाबायचं.

एक अडचण तरीही राहते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने चोकवाली ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० पर्यंत हे जाणवत नाही, पण १/२५० ला एक फोटो उजळ आणि पुढचा काळपट येतो, कधी आडवे पट्टेही दिसतात. अशा वेळी प्रत्येक काळपट फोटोनंतर आयएसओ बदलत बसू नका, तुमची सेटिंग्ज बरोबरच आहेत. मेनूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा, नसेल तर तीन-चार फोटोंचा बर्स्ट काढून त्यातला उजळ ठेवा.

आणि एम मोडवर येऊनही शटर बदलल्यावर फोटोचा उजेड अजिबात बदलत नसेल, तर आयएसओ अजून ऑटोवरच आहे. फुगडीसारख्या ठिकाणी तो तसा राहिला तरी बिघडत नाही, फक्त त्याची वरची मर्यादा मेनूत ६४०० वर बांधून ठेवा.