ओवा : थायमॉलचे पाचक कार्य

(सं. यवानी, हिं. अजवाइन, गु. अजमो, क. ओम, लॅ. ट्रॅकिस्पर्मम अम्मी, कुल–एपिएसी). धने, जिरे व बडीशेप यांच्या कुलातील वर्षायू ओषधी. ओव्याचा दाणा हे बी नसून फळ आहे. त्याच्या सालीत उभ्या तेलनलिका असतात व त्यांत बाष्पनशील तेल साठलेले असते. दाणा अख्खा गिळला तर या नलिका बऱ्याच अंशी शाबूत राहतात, चावला किंवा चुरडला की फुटतात. लालबागेत मसाल्याचे सामान घेताना जाणते गिऱ्हाईक चार दाणे तळहातावर अंगठ्याने रगडून हुंगते. वास नाकात चढला तर तेल टिकून आहे, धुळकट वाटला तर ओवा जुना आहे.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘यवानी’ हा शब्द ‘यवन’ यावरून आला, म्हणजे ओवा ग्रीकांच्या वाटेने भारतात आला, असे मत मांडले जाते. ही वनस्पती मूळची पूर्व भूमध्य प्रदेशातील किंवा इजिप्तमधील असावी, या समजुतीशी ते जुळते. मात्र पाणिनीच्या सूत्रावरील (४.१.४९) कात्यायनाचे वार्तिक ‘यवाद् दोषे’ असे सांगते. त्यानुसार यवानी म्हणजे हलका किंवा सदोष यव, आणि यवनांशी संबंधित रूप (यवनानी, लिपीचे नाव) तेथे वेगळेच दिले आहे. हा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. मराठी ‘ओवा’ मात्र कन्नड ‘ओम’ व तमिळ ‘ओमम्’ यांच्या जवळचा दिसतो. ग्रामचे गाव, नामचे नाव झाले, तसाच येथे ‘म’चा ‘व’ झाला असावा.

ओव्यात साधारणपणे २ ते ४ टक्के तेल असते व त्याचा सुमारे ३५ ते ६० टक्के भाग थायमॉल असतो. उरलेल्यात मुख्यतः गॅमा-टर्पिनीन व पॅरा-सायमीन असतात. तेल थंड केले की थायमॉलचे पांढरे स्फटिक वेगळे होतात. काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारे ‘ओव्याचे फूल’ ते हेच. ते सु. ५० अंश से.ला वितळते. कापूर व पुदिन्याचे फूल यांच्यात मिसळून ठेवले, तर मात्र तिन्ही घन पदार्थ साध्या तापमानालाच पातळ होतात.

थायमॉलच्या रेणूत एक वलय आहे. त्याला जोडलेल्या कार्बनच्या शाखांमुळे रेणू मेदात सहज शिरतो, आणि एका बाजूला हायड्रॉक्सिल गट असल्याने त्याला पाण्याचीही थोडी ओढ असते. जीवाणूचे पेशीपटल मेदरेणूंच्या दुहेरी थराचे बनलेले असते. थायमॉल या थरात शिरतो, हायड्रॉक्सिल टोक पाण्याच्या बाजूस ठेवतो व शेजारचे मेदरेणू दूर सारतो. पटल सैल पडून झिरपू लागते. प्रथम पोटॅशियम आयन बाहेर पडतात, पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांचा फरक नाहीसा होतो, आणि त्या फरकावर चालणारी पेशीची ऊर्जानिर्मिती (एटीपी) खुंटते. ग्रॅम-ऋण जीवाणूंना आणखी एक बाह्य आवरण असते. त्यातील लिपोपॉलिसॅकराइड थायमॉलमुळे सुटून येते, असे ई. कोलाय व साल्मोनेला यांवरील प्रयोगांत दिसले आहे. स्यूडोमोनास मात्र फारशी दाद देत नाही.

हा प्रोटॉनांचा फरक नेमका कसा मोडतो, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार थायमॉल व त्याचा समघटक कार्व्हाक्रॉल हे हायड्रॉक्सिलवरील प्रोटॉन पटलापलीकडे सोडतात, परतताना पोटॅशियम आयन घेऊन येतात व पुन्हा फेरी मारतात. हायड्रॉक्सिल नसलेले पॅरा-सायमीन पटलात शिरूनही जीवाणूंना फारसे मारत नाही, हा या मताचा आधार. दुसऱ्या मतानुसार अशा फेऱ्यांची गरज नाही, पटलाची रचना विस्कटणे पुरेसे आहे. हायड्रॉक्सिलचे महत्त्व पहिल्या मतात नीट उलगडते. तथापि पोटॅशियमपेक्षा मोठे रेणूही गळतात, हे त्यातून समजत नाही. दोन्ही क्रिया एकत्र घडत असाव्यात, असे मानणे सध्या सयुक्तिक ठरते.

आतड्याच्या भिंतीतील अरेखित स्नायूवरील परिणाम वेगळ्या मार्गाने होतो. त्या स्नायूच्या आकुंचनासाठी कॅल्शियम पेशीत यावे लागते. सशाच्या आतड्याचा तुकडा क्षारद्रावणात टांगून ॲसिटिलकोलीन घातले की तो आवळतो, आणि ओव्याचा अर्क घातल्यास सैल पडतो. एवढ्यावरून अर्क ॲसिटिलकोलीनच्या ग्राहीवर बसला असेही म्हणता येईल. पण पोटॅशियम वाढवून आवळलेला तुकडाही सैलावतो, आणि तेथे त्या ग्राहीचा संबंध नसतो. म्हणून कॅल्शियमचे मार्गच अडवले जात असावेत, असा निष्कर्ष काढला जातो.

दोन्ही क्रियांसाठी घरगुती मात्रा पुरते का, हे हिशेबाने पाहता येते. वालाच्या बिरड्याचे जेवण झाल्यावर कोणी १ ग्रॅम, म्हणजे अर्धा लहान चमचा, ओवा सैंधवाबरोबर चावून खाल्ला असे धरू. ३ टक्क्यांनी ३० मिग्रॅ. तेल, त्यात निम्मे म्हणजे १५ मिग्रॅ. थायमॉल. जठरात २०० मिलि. द्रव असेल, तर सगळे सुटून आले तरी लिटरला ७५ मिग्रॅ. इतकीच तीव्रता होते. जीवाणूंची वाढ थांबवण्यास प्रयोगशाळेत बहुधा लिटरला शंभर ते काहीशे मिग्रॅ. लागतात, आणि अन्नातील स्निग्धांश थायमॉल अडकवून ठेवत असल्याने जेवणात ती गरज आणखी वाढते. स्नायूच्या प्रयोगांत मात्र याहून बरीच कमी तीव्रता पुरलेली आढळते. अर्थात, जठरातील सगळे थायमॉल भिंतीतील स्नायूपर्यंत पोचत नाही.

शिवाय थायमॉल वरच्या आतड्यातच शोषले जाते. थायमॉल दिलेल्या माणसांच्या रक्तात ते मुक्त रूपात न सापडता सल्फेटाशी जोडलेले सापडले आहे. वालातील न पचणाऱ्या शर्करा तर मोठ्या आतड्यात पोचून तेथील जीवाणूंमुळे आंबतात, आणि हा वायू काही तासांनी धरतो. म्हणून जेवणानंतर लगेच जाणवणारी कळ व फुगारा ओव्याने हलका होऊन ढेकर येणे समजण्यासारखे आहे. रात्री उशिरा धरणारा वायू त्याने थांबेल, असे मानण्यास आधार तोकडा आहे. जुलाबाच्या जंतुसंसर्गावर चमचाभर ओवा हे औषध नव्हे.

ओवा उघड्या पातेल्यात बराच वेळ उकळल्यास थायमॉल वाफेबरोबर उडून जाते. खोलीभर दरवळ सुटला म्हणजे पाण्यात तितके कमी राहिले. झाकण ठेवून थोडा वेळ मुरवणे बरे. छातीत जळजळ होणाऱ्यांना ओव्याने त्रास वाढू शकतो. दुखणे उजव्या बाजूस खाली सरकून वाढत असेल, ताप किंवा उलट्या असतील, तर ओवा खात थांबू नये, कारण ते आंत्रपुच्छाच्या दाहाचे लक्षण असू शकते. ओव्याचे फूल तीव्र असते, ते त्वचा व श्लेष्मल पटल भाजते. तान्ह्या मुलाला ते देऊ नये.

मुंबईत चाळींच्या गॅलरीत डब्यात लावलेला ‘पानओवा’, ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतात, तो तुळशीच्या कुलातील निराळा आहे. त्याच्या तेलात कार्व्हाक्रॉल व थायमॉल असल्याने वास मिळताजुळता येतो. बाळाच्या पोटाला ओव्याच्या पुरचुंडीने शेक देतात, त्यात उष्णतेचा भाग किती व थायमॉलचा किती, हे वेगळे करून पाहणारी माहिती तुटपुंजी आहे.