नखुरडं, लिंबू आणि एक तुटलेलं सील

डिसेंबरचा पहिला आठवडा होता, लग्नाचं घर होतं. मधल्या खोलीत माझी भाची उजव्या हाताच्या मधल्या बोटाला अख्खं लिंबू घालून बसली होती. वरून भोक पाडलेलं लिंबू, त्यात बोट, आणि बाजूला आमची आई, म्हणजे तिची आजी. "नखुरडं झालं तिले. लिंबू लावलं की पिकून फुटते," आई म्हणाली. भाची माझ्याकडे बघून म्हणाली, "मामा, रातभर ठणकून राहिलं. झोपच नाही आली."

हे लिंबू विदर्भातल्या बहुतेक घरांनी पाहिलेलं आहे, आणि आता त्याचे व्हिडिओही फिरतात. मी जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं, त्यामुळे लिंबू काढायला सांगण्याआधी मला ते बोट नीट बघायचं होतं. नखाच्या डाव्या कडेची त्वचा लाल, चकचकीत आणि फुगलेली. नखाच्या मुळाकडे वळणाऱ्या कोपऱ्यात सूज जास्त. बोटाचा मऊ गर मात्र नेहमीसारखाच मऊ. म्हणजे हे नेहमीचं नखुरडं होतं, नखाच्या कडेच्या कातडीत झालेला जंतुसंसर्ग.

पाच दिवसांचा हिशेब तिनेच सांगितला. शनिवारी पार्लरमध्ये मॅनिक्युअर झालं. तिथल्या मुलीने नखाच्या मुळाशी असलेला पांढुरका पापुद्रा आधी मागे ढकलला आणि मग बारीक कातरीने कापून टाकला. रविवारी लग्न. सोमवारी पाहुणे निघेपर्यंत टोपलीभर संत्री सोलली. त्यात नखाच्या कडेला कातडीचं एक सालपट निघालं, ते तिने दातांनी ओढून तोडलं. "थोडंसं रक्त आलं, एवढंच." मंगळवारी ती जागा हुळहुळली, बुधवारी लाल झाली, आणि बुधवारी रात्री ठणका सुरू झाला. मी तिच्यासमोर बसलो तो गुरुवार होता.

आता त्या पांढुरक्या पापुद्र्याकडे येऊ, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. पार्लरमध्ये त्याला क्युटिकल म्हणतात आणि तो फालतू मळ असल्यासारखा काढून टाकतात. आपल्याला दिसतं ते नख म्हणजे पूर्ण नख नव्हे. साधारण चौथा हिस्सा मागच्या कातडीच्या घडीखाली दडलेला असतो. एखादा कागद पाकिटात अर्धवट सरकवावा तसं नख त्या घडीत शिरलेलं असतं, आणि आत, पाकिटाच्या तळाशी, नख तयार करणारा जिवंत कारखाना असतो. पाकिटाचं तोंड उघडं राहिलं तर पाणी, पीठ, साबण, जंतू, सगळं सरळ त्या कारखान्यापर्यंत जाईल.

ते तोंड क्युटिकल बंद ठेवतं. पण नख स्थिर नसतं, हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकतं. सरकणाऱ्या वस्तूला कायमचं सील लावायचं कसं? शरीराने यावर फार सुंदर उपाय काढला आहे. घडीच्या खालच्या बाजूची त्वचा मेलेल्या पेशींचा एक पातळ थर सतत सोडत राहते. तो थर नखाला घट्ट चिकटतो आणि नखाबरोबर पुढे निघून जातो. मागून नवा थर येतोच. म्हणजे हे सील जागेवर बसलेलं नसून वाहतं आहे. पुढे झिजतं, मागे तयार होतं, आणि फट कधीच उघडी पडत नाही. प्रेशर कुकरच्या रिंगला हे जमत नाही, ती झिजली की नवी आणावी लागते.

भाचीच्या बोटावर हे सील शनिवारी कापलं गेलं. नवं नीट बसायला काही आठवडे लागतात. सोमवारी कडेच्या सालपटाने दुसरी फट उघडली, आणि ती उघडली दातांनी. तोंडात असलेले जंतू सोबत मिळाले. नखं कुरतडणाऱ्यांच्या नखुरड्यात तोंडातले जंतूही सापडतात ते याचमुळे. पण सर्वांत नेहमीचा गुन्हेगार म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो बाहेरूनच यावा लागतो असं नाही. साधारण दर तीन माणसांमागे एकाच्या नाकात तो मुक्कामाला असतो, काही त्रास न देता. तेच बोट नाकाला लागतं, तेच तोंडात जातं.

(एक कडू टिप्पणी इथेच करतो. आमच्याकडे शनिवारी नखं कापायची नाहीत, दिवेलागणीनंतर कापायची नाहीत. बोचणारं नख मग माणूस दातांनी तोडतो, त्याला कुठला वार आड येत नाही.)

फटीतून आत गेलेला हा जंतू एक चलाखी करतो. आपल्याच रक्तातल्या प्रथिनाला गोठवून तो स्वतःभोवती जाळीची भिंत उभी करतो. आपल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, लढतात, मरतात. मेलेल्या पेशी, मेलेले जंतू आणि वितळलेले ऊतक मिळून पू होतो. जागा मात्र अपुरी असते. एका बाजूला नखासारखी कडक पाटी, दुसऱ्या बाजूला ताणलेली कातडी. बोटाचं टोक हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक आहे, तिथे मज्जातंतूंची दाटी असते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त त्या गच्च जागेत आणखी ढकललं जातं आणि तोच ठोका कळ होऊन जाणवतो. म्हणून ठणका नाडीच्या तालावर येतो. हात खाली लोंबला की वाढतो, छातीच्या वर धरला की उतरतो. भाचीला मी पहिली गोष्ट हीच करायला लावली, हात उशीवर उंच. पाच मिनिटांत तिचा चेहरा जरा निवळला.

मग लिंबू काढलं. लिंबाचं आम्ल सोललेल्या कातडीला झोंबतं, तिची आग वाढवतं, आणि पू 'ओढून' घेण्याची कुठलीही शक्ती त्यात नाही. लिंबाने फुटलं असं वाटतं, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक नखुरडी आपोआपच फुटतात. ओल्या टोपीत तासभर राहून कातडी मऊ पडते हा त्यातला खरा भाग, आणि ते काम साधं पाणी जास्त चांगलं करतं.

कोमट पाणी हा घरचा मुख्य उपाय. पण कोमट म्हणजे किती, आणि किती वेळ? तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी आपण कोपराने बघतो, त्याहून किंचित ऊन, हाताला सहज सोसेल एवढं. त्यात बोट १० ते १५ मिनिटं बुडवून ठेवायचं, निवलं की थोडं गरम पाणी ओतायचं. दिवसातून तीन-चार वेळा. एकदा बुडवून काही होत नाही म्हणून सोडून देणारे फार. उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, लढणाऱ्या पेशी जास्त येतात. पाण्याने कडेची कातडी फुगून मऊ होते आणि नखापासून किंचित सुटते, मग थोडाफार पू असेल तर त्याला वाट मिळते. मीठ घातलं तरी चालेल, न घातलं तरी चालेल. नंतर बोट पूर्ण कोरडं करायचं, कारण दिवसभर ओलं राहिलेलं बोट नव्या जंतूंना आणि बुरशीला आमंत्रण देतं. मधुमेहामुळे बोटांची जाणीव कमी झालेल्या माणसाने पाणी दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं, नाहीतर भाजल्याचं कळणारही नाही.

सुरुवातीला, नुसती लाली असताना, एवढ्याने बहुतेक नखुरडी दोन-तीन दिवसांत बसतात. मात्र मेडिकलमधून 'खाज-फोडांची' एकच ट्यूब आणून लावू नका. अशा कित्येक ट्यूबमध्ये जंतुनाशकासोबत स्टेरॉइड असतं. लाली ओसरल्यासारखी दिसते आणि आत जंतू सुखाने वाढतात. साध्या प्रतिजैविक मलमाबद्दलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

भाचीचं बोट मात्र त्या टप्प्याच्या पुढे गेलं होतं. घरी करता येण्यासारखी एक तपासणी आहे. दुखऱ्या बोटाच्या पेरावर, म्हणजे नखाच्या विरुद्ध बाजूच्या मऊ गरावर, अंगठ्याने हलका दाब द्यायचा. आत पू साठला असेल तर सुजेवर कडा स्पष्ट असलेला एक फिकट डाग उमटतो. नुसती सूज असेल तर असा ठळक डाग दिसत नाही. तिच्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग उमटला. पू कोंडला होता.

कोंडलेल्या पुवापर्यंत रक्तवाहिन्या जात नाहीत, त्यामुळे गोळीतलं औषध तिथे पुरेसं पोचत नाही. त्याला वाटच करून द्यावी लागते. ती घरी सेफ्टी पिनने करू नये. चुकीच्या जागी टोचलं तर जंतू बोटाच्या गरात जातात. आई सुई तापवायला निघाली होती, तिला थांबवलं. दुपारी धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट बधिर केलं, बोथट अवजाराचं टोक नख आणि कातडीच्या मधून सरकवून घडी अलगद उचलली. कातडीला मोठी चीर दिली नाही. थेंब-दीड थेंब पू बाहेर आला. एवढासा थेंब, आणि त्याने रात्रभर जागवलं होतं. गोळ्या दिल्या नाहीत. पू नीट निघाला आणि प्रकृती ठणठणीत असेल तर बऱ्याचदा लागत नाहीत. कोमट पाणी आणखी दोन दिवस चालू ठेवलं. शुक्रवारी सकाळी ती गाढ झोपली होती.

त्यांनी निघताना सांगितलेल्या तीन गोष्टी मी तशाच देतो. बोटाचा गरच टणक होऊन ठणकू लागला, अख्खं बोट सुजून वाकलं आणि सरळ करताना असह्य कळ आली, किंवा ताप येऊन हातावर लाल रेघ चढू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना. मधुमेह्यांनी पहिल्या लालीलाच दाखवावं. आणि पुवाऐवजी स्वच्छ पाण्याचे बारीक फोड झुपक्याने आले, तर ते नागिणीच्या जातभाईचं, हर्पिस विषाणूचं काम असू शकतं. ते फोडायचे नाहीत, कापायचे तर मुळीच नाहीत.

पार्लरचं काय? नखं कापून घ्या, रंगवून घ्या. पापुद्रा फक्त कापू देऊ नका. निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवलेली अवजारं 'स्टरलाइज' झाली असं सांगतात, पण त्या दिव्याचे किरण फक्त समोरच्या पृष्ठभागावर पडतात, कातरीच्या सांध्यात नाही. स्वतःची कातरी नेलेली बरी. आधी साबणाने घासायची, मग स्पिरिटने पुसून वाळू द्यायची.

मार्चअखेर भाचीने पुण्याहून नखाचा फोटो पाठवला. "मामा, हे काय?" नखावर आडवी खाच होती, घडीपासून साधारण ४ मिलिमीटर पुढे. मी हिशेब केला. डिसेंबरपासून पावणेचार महिने, महिन्याला ३ मिलिमीटर, म्हणजे ११ मिलिमीटर. त्यातलं पाच-सात मिलिमीटर घडीखालीच गेलं, उरलं ते फोटोतल्या खाचेच्या आसपास. लग्नाच्या आठवड्यात सुजेने कारखान्याचं काम काही दिवस मंदावलं होतं, त्याची ती नोंद. मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये ती टोकाशी येईल आणि कापली जाईल.