सॉफ्टवेअर ॲक्टिव्हेशन फसणे

व्यापारी सॉफ्टवेअर संगणकावर नीट बसवून झाल्यानंतरही त्याच्या परवान्याची खातरजमा पुरी न होणे, याला ॲक्टिव्हेशन फसणे म्हणतात. कारणे मुख्यत्वे दोन असतात. एकतर परवाना देणाऱ्या सर्व्हरपर्यंत संगणक पोहोचत नाही. किंवा तो पोहोचतो, पण त्याने सांगितलेली यंत्राची ओळख सर्व्हरच्या हिशेबात बसत नाही. प्रस्तुत नोंदीत मायक्रोसॉफ्ट विंडोजचा, आणि त्यातही महाविद्यालये व कार्यालये यांत रूढ असलेल्या, संस्थेच्याच एका सर्व्हरमार्फत परवाना देणाऱ्या केएमएस पद्धतीचा विचार प्रामुख्याने केला आहे, कारण तेथे ही दोन्ही कारणे एकमेकांसारखी भासतात.

उगम : यंत्राशी बांधलेल्या परवान्याची कल्पना नेमकी कोणाची, याबाबत एकमत नाही. इंजिनिअरिंगच्या महागड्या सॉफ्टवेअरसोबत डाँगल हे संगणकाला जोडायचे छोटे उपकरण देण्याची आणि नेटवर्कवरील सर्व्हरने परवाने वाटण्याची पद्धत साधारणतः १९८० च्या दशकात रुळली असावी. मात्र संगणकाच्या वैशिष्ट्यांवरून एक आकडा काढायचा, तो विक्रेत्याकडील आकड्याशी जुळला तरच सॉफ्टवेअर पूर्ण चालू द्यायचे, या मांडणीचे श्रेय बहुधा ऑस्ट्रेलियन संशोधक रिक रिचर्डसन यांना दिले जाते. त्यांच्या अमेरिकी पेटंटचा अर्ज १९९३ चा असून ते १९९६ मध्ये मंजूर झाले. याच पेटंटच्या आधारे युनिलॉक कंपनीने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००९ मध्ये ज्यूरीने ३८.८ कोटी डॉलर भरपाई ठरवली, त्याच वर्षी न्यायाधीशांनी तो निर्णय फिरवला आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाने पेटंटचा भंग झाल्याचे मान्य करून भरपाईचा आकडा मात्र रद्द केला. पुढे २०१२ मध्ये तडजोड झाली. या निकालावरून रिचर्डसन हेच आद्य प्रवर्तक ठरतात असे नव्हे. न्यायालयासमोरचा प्रश्न पेटंटचा होता, इतिहासाचा नव्हता. तरीही उपलब्ध पुराव्यात त्यांचा दावा अधिक सुसंगत वाटतो.

यंत्राची ओळख : सर्वसामान्य ग्राहकापर्यंत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पोहोचली ती २००१ मधील ऑफिस एक्सपी आणि विंडोज एक्सपी यांमुळे. एक्सपी संगणकाच्या दहा घटकांवरून ओळख तयार करीत असे. त्यांत प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड इत्यादींचा समावेश होता. प्रत्येक घटकाची मूळ माहिती न साठवता तिचे अवघ्या काही बिटांत आकुंचन केले जाई. त्यामुळे एखादा भाग बदलूनही ओळखीतला आकडा तोच राहण्याची शक्यता थोडी असे. नेटवर्क कार्डाला इतरांपेक्षा अधिक वजन होते. मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक टिपणानुसार, ते न बदलल्यास इतर सहा घटक बदलल्यावरच पुन्हा ॲक्टिव्हेशन मागितले जाई, तर ते बदलले असल्यास त्याच्यासह चार बदल पुरत. पुढच्या आवृत्त्यांत हिशेबाची पद्धत बदलली. विंडोज १० मध्ये मदरबोर्ड बदलल्यास 0xC004F211 हा संदेश दिसू शकतो, आणि डिजिटल परवाना आधीच मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेला असल्यास ट्रबलशूटरमधून तो नव्या यंत्रावर आणता येतो.

केएमएसचे कार्य : या पद्धतीत प्रत्येक संगणक मायक्रोसॉफ्टशी बोलत नाही. संस्थेतील एक सर्व्हर ते काम करतो आणि बाकीचे संगणक १६८८ या पोर्टवर त्याच्याकडे मागणी नोंदवतात. मिळालेले ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते व दर ७ दिवसांनी नूतनीकरणाचा प्रयत्न होतो, म्हणजे सर्व्हर काही आठवडे बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. बिघाड आज होतो आणि तक्रार सहा महिन्यांनी येते, हे या पद्धतीचे व्यवच्छेदक लक्षण होय. घरून काम करण्यासाठी नेलेले लॅपटॉप व्हीपीएनला न जोडले गेल्याने मुदतीनंतर अचानक तक्रार करू लागतात, ते याचमुळे.

सर्व्हर सापडतो तो डीएनएस या नेटवर्कवरील नावे व पत्ते सांगणाऱ्या व्यवस्थेतील नोंदीवरून. ती नसल्यास 0x8007232B हा संदेश येतो. सर्व्हरशी संपर्कच न झाल्यास सहसा 0xC004F074 दिसतो. संगणक आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत चार तासांहून अधिक फरक असला तरीही मागणी नाकारली जाते, आणि मदरबोर्डवरील बॅटरी संपलेल्या जुन्या संगणकांत हे कारण वारंवार आढळते. पॉवरशेलमध्ये दिलेल्या पुढील दोन आज्ञांनी नोंद आणि पोर्ट यांची तपासणी होते. `kms-server` च्या जागी सर्व्हरचे खरे नाव घालावे.

```
nslookup -type=srv _vlmcs._tcp
Test-NetConnection kms-server -Port 1688
```

दुहेरी ओळखीचे उदाहरण : केएमएस सर्व्हर किमान २५ वेगवेगळे डेस्कटॉप संगणक मोजल्याशिवाय त्यांपैकी एकालाही परवाना देत नाही, सर्व्हर प्रणालींसाठी ही मर्यादा ५ आहे. मोजणी होते ती प्रत्येक संगणकावरील विंडोजच्या सीएमआयडी या ओळखक्रमांकावरून. समजा, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका संगणकावर विंडोज आणि सर्व सॉफ्टवेअर बसवून त्याच्या डिस्कची प्रत ३० संगणकांवर उतरवली. प्रत काढण्यापूर्वी यंत्राची स्वतंत्र ओळख पुसणारी `sysprep /generalize` ही आज्ञा चालवलेली नसल्यास तीसही संगणकांचा सीएमआयडी एकच राहतो. ते सर्व मागणी नोंदवतात, सर्व्हर प्रत्येकाला उत्तर देतो, पण त्याच्या लेखी आलेला संगणक एकच असतो. साहजिकच सगळ्यांच्या पडद्यावर 0xC004F038 उमटतो.

येथे तंत्रज्ञ बहुधा नेटवर्ककडे वळतात, फायरवॉल बंद करतात, केबल बदलतात. वस्तुतः हा संदेश येणे हाच सर्व्हर पोहोचण्याजोगा असल्याचा पुरावा आहे, कारण मोजणी अपुरी असल्याचे सर्व्हरशिवाय कोणी सांगू शकत नाही. खातरजमेसाठी सर्व्हरवर `slmgr /dlv` ही आज्ञा द्यावी. आलेल्या मागण्यांचा आकडा वाढत असून चालू मोजणी मात्र १ वर अडकली असेल, तर निदान पक्के होते. हीच आज्ञा कोणत्याही दोन संगणकांवर दिल्यास सीएमआयडी अक्षरशः सारखा दिसतो.

उपाय म्हणून प्रत्येक संगणकावर ॲडमिनिस्ट्रेटर अधिकाराने पुढील पहिली आज्ञा देऊन तो पुन्हा सुरू करतात आणि नंतर दुसरी देतात.

```
slmgr /rearm
slmgr /ato
```

पहिल्या आज्ञेने नवा सीएमआयडी तयार होतो. ती मोजक्याच वेळा वापरता येते, म्हणून मूळ प्रतच दुरुस्त करणे श्रेयस्कर. दुरुस्तीनंतरही पहिल्या २४ संगणकांना तोच संदेश दिसत राहतो आणि उपाय फसल्याचा समज होतो. पंचविसावा नोंदला गेल्यावर ते दर दोन तासांनी होणाऱ्या प्रयत्नांत आपोआप मार्गी लागतात. प्रयोगशाळेत मुळात वीसच संगणक असतील आणि संस्थेत अन्यत्रही पुरेसे नसतील, तर केएमएस चालणारच नाही. तेथे एमएके नावाची की घ्यावी लागते, जी प्रत्येक संगणक थेट मायक्रोसॉफ्टकडून ठरावीक संख्येपर्यंत सक्रिय करते.

इतर पद्धती : फ्लेक्सनेट या परवाना-व्यवस्थापकात परवान्याची फाइल सर्व्हरच्या होस्ट-आयडीशी, बहुधा नेटवर्क कार्डाच्या पत्त्याशी, बांधलेली असते. सर्व्हर न सापडल्यास -15 आणि होस्ट-आयडी न जुळल्यास -9 असे वेगळे संकेतांक मिळत असल्याने निदान सोपे जाते.

सर्व्हर कायमचा बंद होण्याची उदाहरणे तुलनेने कमी नोंदलेली आहेत. ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर २०१२ च्या अखेरीस बंद केले, तेव्हा जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न मागणाऱ्या प्रती आणि त्यांचे अनुक्रमांक कंपनीला उपलब्ध करून द्यावे लागले.