नॉबी टायरची हवा घरूनच कमी करावी का?

“तोरणमाळला चाललोय, पुढे कच्चा रस्ता आहे. मोटरसायकलच्या नॉबी टायरमध्ये धुळ्यातूनच 20 पीएसआय हवा ठेवली तर चालते ना? सगळे तसंच सांगतात.”

नाही. कमी हवेचा फायदा फक्त मातीत आणि खडीवर मिळतो, कारण तिथे टायर पसरून जमीन धरतो. डांबरावर तोच टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, त्यातून उष्णता वाढते, आणि नॉबी टायरचे उंच रबरी ठोकळे मुळाशी वाकत राहिल्याने तिथे बारीक चिरा पडून शेवटी ते तुटू लागतात. खान्देशातल्या मे महिन्यात डांबर आधीच तापलेले असते, हे विसरू नये.

मी स्वतः एकदा सकाळी 20 वर निघालो. शहाद्याला मोजली तेव्हा 25 भरली. टायर गार असतानाच्या आकड्यापेक्षा सुमारे दहा टक्क्यांहून जास्त वाढ दिसली, तर सुरुवातीची हवा कमी होती असे समजावे. त्या वेळी गरम टायरमधून हवा सोडणे ही दुसरी चूक ठरते.

माझ्या ट्यूबवाल्या दीडशे किलोच्या गाडीला, सामान नसताना, डांबरावर 28 ते 30 आणि कच्च्यावर 22 मानवते. तुमच्या गाडीसाठी कंपनीचा आकडा आधार धरावा. सातपुड्याच्या टोकदार दगडांत याहून खाली गेल्यास ट्यूब रिमखाली चिमटून तिला शेजारीशेजारी दोन चिरा पडतात. व्हॉल्व्ह तिरका दिसला, तर टायर रिमवर सरकतो आहे, लगेच थांबावे. डांबर पुन्हा लागताच पंपाने हवा भरूनच पुढे निघावे.