शोकसंदेश : कोकणातील शब्दयोजना आणि रीती

शोकसंदेश म्हणजे निधनानंतर मृताच्या कुटुंबीयांना दुःखात सहभागी असल्याचे कळविणारा लेखी मजकूर. कोकणपट्टीत एकाच वाडीच्या आसपास हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि ख्रिस्ती घरे असतात. त्यामुळे एकच ठरावीक वाक्य सर्वांना पाठविण्याची सवय येथे विशेष खटकते. हे वाक्य बहुधा ‘कै. अमुक यांच्या आत्म्यास ईश्वर सद्गती देवो’ असे असते. त्यात आत्मा, ईश्वर आणि मरणोत्तर गती अशा तीन श्रद्धा गृहीत धरलेल्या आहेत, आणि ‘कै.’ म्हणजे कैलासवासी ही चौथी.

हिंदू घरांतही ‘कै.’ हा शब्द सरसकट चालत नाही. वारकरी कुटुंबात ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी असे लिहितात, तर लिंगायत कुटुंबात ‘लिंगैक्य’ हा शब्द रूढ आहे. सुतकाच्या काळात घरात शुभकार्य होत नाही. म्हणून या दिवसांतील संदेशात सणाच्या शुभेच्छा किंवा लग्नाचे आमंत्रण जोडू नये. पूर्वी मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ लिहीत नसत आणि ते वाचून झाल्यावर फाडून टाकीत.

वरील वाक्य सर्वांत जास्त चुकते ते बौद्ध कुटुंबांच्या बाबतीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली. त्या वेळच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. बौद्ध विचार नित्य आत्मा मानत नाही आणि निर्माता ईश्वरही मानत नाही, त्यामुळे ‘आत्म्यास शांती’ या शब्दांना तेथे आधारच उरत नाही. दुःखाच्या प्रसंगी कोणी तोंडावर बोलून दाखवीत नाही. पण ज्यांनी जाणीवपूर्वक जुने विधी सोडले, त्यांना आपली निवड कोणाच्या लक्षातच आली नाही असे वाटते. या कुटुंबांत मृत व्यक्तीच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात, आणि पुढील कार्यक्रमाला जलदान विधी व पुण्यानुमोदन म्हणतात.

उदाहरणार्थ, मंडणगडकडील एखाद्या शाळेतील निवृत्त बौद्ध शिक्षकांचे निधन झाले आणि कार्यालयातून नेहमीचा मसुदा निघाला : ‘कै. गुरुजींच्या आत्म्यास सद्गती लाभो. तेराव्याला आम्ही उपस्थित राहू.’ यात तीन जागी दुरुस्ती लागते. ‘कै.’च्या जागी ‘कालकथित’ येईल, आत्म्याचे वाक्य निघून जाईल, आणि ‘तेराव्या’ऐवजी कुटुंबाने कळविलेल्या दिवशीचा पुण्यानुमोदन कार्यक्रम लिहावा लागेल. दुरुस्त मजकूर असा होतो : ‘कालकथित गुरुजींना भावपूर्ण आदरांजली. पावसात नदीला पाणी आले की पलीकडच्या मुलांना ते स्वतः घरी सोडीत. आपल्या दुःखात आम्ही सर्व सहभागी आहोत. पुण्यानुमोदन कार्यक्रमास येत आहोत.’ मधले वाक्य कोणत्याही श्रद्धेचे नाही, ते गुरुजींचे आहे. आणि संदेशात खरे वजन तेच आणते.

कोकणी मुस्लिम घरांत मय्यत शक्य तितक्या लवकर दफन करतात, आणि सांत्वनाचा काळ सामान्यतः तीन दिवसांचा असतो. म्हणून संदेश उशिरा न पाठविणे बरे. येथे ‘मरहूम’, स्त्री असल्यास ‘मरहूमा’ असे लिहून ‘अल्लाह त्यांची मगफिरत करो आणि घरच्यांना सब्र देवो’ हे शब्द योग्य ठरतात; मगफिरत म्हणजे क्षमा आणि सब्र म्हणजे धीर. ‘इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन’ हे कुराणातील वचन नीट लिहायला जमत नसेल, तर ‘आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत’ हा त्याचा अर्थ मराठीत लिहावा. फोटोला हार आणि समोर समई असलेले तयार चित्र मात्र या घरी पाठवू नये. पतीच्या मृत्यूनंतर विधवेची इद्दत, म्हणजे घरी राहून शोक पाळण्याचा काळ, चार महिने दहा दिवसांची, गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंत असते. या काळात तिला ‘मन रमवायला चार दिवस आमच्याकडे या’ असे लिहिणे अवघड ठरते. तिच्या घरी जाऊन भेटण्याविषयी घरातील स्त्रियांकडे विचारावे.

वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या कॅथलिक कुटुंबांत ‘प्रभू त्यांना सार्वकालिक विश्रांती देवो’ ही प्रार्थना परिचित आहे. मृतासाठीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधील प्रार्थनाविधीला, येणार असल्यास तसे कळवावे. रायगड किनाऱ्यावरील बेने इस्राएल हा ज्यू समाज आता फार थोडा उरला आहे. त्यांच्यात दफनानंतर सात दिवस शोक पाळतात.

कुटुंबाची परंपरा ठाऊक नसेल, तर त्यांनीच दिलेली निधनवार्ता नीट वाचावी. नावाआधी कोणता शब्द आहे, पुढील विधीला काय म्हटले आहे, आणि विधी होणारच नाही असे तर लिहिलेले नाही ना, हे तीन तपशील पुरेसे असतात. आडनावावरून अंदाज बांधू नये, कारण कोकणात गावावरून पडलेले एकच आडनाव निरनिराळ्या धर्मांच्या घरांत आढळते. वार्तेतूनही उलगडा झाला नाही, तर ‘दिवंगत’ आणि ‘आदरांजली’ हे शब्द वापरावेत.