हात धुण्याच्या पाच वेळा आणि हातमोज्यांचा इतिहास

वॉर्डात हात धुण्याचा इतिहास सांगताना बहुतेक जण १८४७ च्या मे महिन्यापासून सुरुवात करतात. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचा मृत्युदर एप्रिलमध्ये १८ टक्क्यांच्या वर होता, तो जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला. मला मात्र त्याच वर्षीचा ऑक्टोबर जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या महिन्यात गर्भाशयाच्या कर्करोगाची एक रुग्ण दाखल झाली. तिला सतत स्राव होत होता, आणि तिला दिलेल्या खाटेपासूनच रोजचा राउंड सुरू होत असे. तिला तपासल्यावर डॉक्टरांनी नुसत्या साबणाने हात धुतले आणि ते पुढच्या खाटांकडे वळले. त्या वेळी बाळंत होत असलेल्या बारा जणींपैकी अकरा दगावल्या.

तोवर क्लोरीनचे हात धुणे वॉर्डात शिरताना व्हायचे, कारण संशय फक्त शवागारावर होता. जिवंत रुग्णाच्या अंगावरूनही तोच संसर्ग हातांतून पुढे जातो, हे या घटनेने दाखवले, आणि प्रत्येक तपासणीनंतर हात धुण्याचा नियम झाला. ‘हात कशाने धुवायचे’ याच्या जोडीला ‘नेमके केव्हा’ हा प्रश्न इथे आला.

त्याचे नेटके उत्तर मिळायला दीडशेहून अधिक वर्षे गेली. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पिते यांच्या गटाने १९९० च्या दशकात कर्मचाऱ्यांचे निरीक्षण केले, तेव्हा गरज असलेल्या वेळांपैकी निम्म्याहून कमी वेळा हात स्वच्छ होत होते. बेसिनपर्यंत जायचे, साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे, पुसायचे आणि परत यायचे, हे गर्दीच्या वॉर्डात वारंवार जमत नाही. म्हणून अल्कोहोलचा हँडरब खाटेजवळ आणला. तो २० ते ३० सेकंद चोळला की पुरे. या कामातूनच पुढे हात स्वच्छ करण्याच्या पाच वेळा ठरल्या आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या आपल्या मार्गदर्शक सूचनांत घेतल्या. रुग्णाला हात लावण्याआधी. सलाइन, कॅथेटर, उघडी जखम असे निर्जंतुक काम करण्याआधी. शरीरातील स्रावाशी संबंध आल्यावर. रुग्णाला हात लावून झाल्यावर. आणि रुग्णाला न शिवता फक्त त्याच्या खाटेला किंवा सामानाला हात लावला असला तरी त्यानंतर.

यातली दुसरी वेळ सर्वाधिक निसटते, असे मला वाटते. समजा, सिस्टर हातमोजे घालून लघवीची पिशवी रिकामी करत आहेत. तेवढ्यात त्याच रुग्णाचे सलाइन थांबलेले दिसते आणि त्या त्याच मोज्यांनी शिरेत बसवलेल्या कॅन्युलाच्या तोंडाला हात लावतात. रुग्ण बदलला नाही, मोजेही हातात आहेत, त्यामुळे काही चुकले असे वाटत नाही. पण लघवीच्या पिशवीवरचे जंतू थेट रक्ताच्या वाटेवर पोचले. इथे मोजे काढायचे, हात चोळायचे, मगच कॅन्युलाकडे वळायचे. तिसरी आणि दुसरी वेळ लागोपाठ आल्याने एकदाच हात स्वच्छ केले तरी चालते.

हातमोज्यांचा इतिहास वेगळा आहे. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेच्या हातांची त्वचा मर्क्युरिक क्लोराइडच्या जंतुनाशकाने सोलवटली होती. तिच्यासाठी तिथले शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास रबरी मोजे बनवून घेतले. म्हणजे सुरुवात घालणाऱ्याच्या हातांसाठी झाली. शस्त्रक्रियेत त्यांचा रुग्णालाही फायदा होतो, हे नंतर लक्षात आले. १९८० च्या दशकात एचआयव्हीच्या भीतीने मोजे वॉर्डात सर्रास आले, तेही प्रामुख्याने कर्मचाऱ्याच्या रक्षणासाठी. ते काम ते आजही करतात. पण मोज्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर जंतू त्वचेइतक्याच सहज चिकटतात आणि पुढच्या खाटेवर जातात.

आतला हातही पूर्ण सुरक्षित नसतो. तपासणीच्या मोज्यांत काही प्रमाणात बारीक छिद्रे असतातच, आणि वाढलेली नखे वा अंगठी त्यांत भर घालतात. सर्वाधिक घाण लागते ती मोजे काढताना: मळलेली बाहेरची बाजू मनगटाला घासते. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात तर मोजे घातलेले हात धुतल्यावरही मोज्यांवर जंतू सापडले, आणि मोजे काढल्यावर हातांवरही. त्यामुळे एकदाच वापरायचे मोजे धुऊन किंवा हँडरब चोळून चालवायचे नसतात. अस्वच्छ हाताने खोक्यातून मोजा ओढला, तर खालचे मोजेही मळतात. हँडरब वाळण्याआधीच मोजे चढवले, तर त्वचेला खाज सुटते आणि हात स्वच्छ करणेच टाळले जाते.

हँडरबचीही एक मर्यादा आहे. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसाइल या जंतूमुळे होणाऱ्या जुलाबात त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत. अशा रुग्णाला हाताळताना मोजे घालायचे, आणि ते काढल्यावर साबण-पाण्याने हात धुवायचे. हातांवर घाण किंवा रक्त दिसत असेल तरीही साबण-पाणीच.