वाढत्या टप्प्यांनी सरकणारा ठिपका

बुद्धिमत्ता चाचणीतील आकृतिमालिकेचा एक प्रकार. प्रत्येक आकृतीत चौकटींची तीच जाळी असते आणि तिच्यात एकच ठिपका जागा बदलत जातो. पहिल्या वेळी तो एक घर सरकतो, मग दोन, मग तीन, आणि पुढची किंवा गाळलेली आकृती ओळखायची असते. शिष्यवृत्ती परीक्षा, एनएमएमएसची मानसिक क्षमता चाचणी आणि भरती परीक्षांच्या तयारीत हा प्रकार सरावाला घेतला जातो.

सर्वांत जास्त आढळते ती ३ × ३ ची जाळी. तिच्यात ठिपका बहुधा कडेच्या ८ घरांतून फिरतो, मधले घर रिकामेच राहते. अशा वेळी डोळ्यांनी ठिपक्याचा पाठलाग करण्यापेक्षा घरांना क्रमांक देणे खात्रीचे. वरच्या डाव्या कोपऱ्याला १ म्हणावे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजत जावे: वरचा उजवा कोपरा ३, खालचा उजवा ५, खालचा डावा ७ आणि डाव्या कडेचे मधले घर ८. समजा पहिल्या चार आकृत्यांत ठिपका १, २, ४ आणि ७ या घरांत आहे. फरक १, २, ३ असे पडतात, म्हणून पुढचा टप्पा ४ चा. ७ + ४ = ११, घरे आठच असल्याने त्यातून ८ वजा केले की ३ उरतात. पाचव्या आकृतीत ठिपका वरच्या उजव्या कोपऱ्यात येतो.

इथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे ठिपका ज्या घरात उभा आहे तेच ‘एक’ धरून मोजणे. तसे केले की ठिपका एक घर मागे, वरच्या ओळीच्या मधल्या घरात थांबतो. कोपरा दोनदा मोजला, एकदा कडेचा शेवट म्हणून आणि पुन्हा पुढच्या कडेची सुरुवात म्हणून, तरी तेच चुकीचे घर मिळते. त्यामुळे चांगल्या प्रश्नपत्रिकेत ते घर पर्यायांत हमखास ठेवलेले असते. उत्तर आणि दुसरा एखादा पर्याय यांत एकाच घराचा फरक दिसला, तर मोजणी पुन्हा करावी.

दुसरी अडचण दिशेची आहे. आठ घरांच्या फेरीत ५ घरे पुढे जाणे म्हणजे ३ घरे मागे येणेच, म्हणून मोठ्या टप्प्यात ठिपका उलटा फिरल्यासारखा भासतो. ४ चा टप्पा तर कोणत्याही दिशेने गेले तरी समोरच्याच घरात नेतो. वरच्या उदाहरणात दिशा उलटी धरली तरी पाचवी आकृती बरोबर येते. चूक उघड होते ती सहाव्या आकृतीत: योग्य दिशेने ८, उलट्या दिशेने ६. म्हणून दिशा नेहमी १ आणि २ च्या छोट्या टप्प्यांवरूनच ठरवावी. हीच मालिका पुढे नेली तर क्रम १, २, ४, ७, ३, ८, ६, ५ असा येतो, म्हणजे आठही घरे एकेकदा भरतात. त्यापुढचा टप्पा ८ चा असल्याने ठिपका जागचा हलतच नाही. नववी आकृती आठवीसारखीच दिसली म्हणून प्रश्न चुकला आहे असे समजू नये.

४ × ४ च्या जाळीत टप्प्याबरोबर मार्गही ओळखावा लागतो. वरच्या डाव्या घरापासून निघालेला ठिपका कडेने फिरत असेल (कडेची घरे १२), प्रत्येक ओळ डावीकडून उजवीकडे वाचत असेल किंवा सापशिडीच्या पटासारखा एक ओळ सुलट, एक उलट जात असेल, तरी पहिल्या तीन आकृत्या हुबेहूब सारख्या येतात, कारण ठिपका अजून वरच्या ओळीतच असतो. फरक चौथ्या आकृतीत पडतो. कडेच्या मार्गाने तो खालच्या उजव्या कोपऱ्यात दिसतो, सरळ ओळींच्या मार्गाने दुसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात, तर सापशिडीच्या मार्गाने त्याच ओळीच्या दुसऱ्या घरात. पाचव्या आकृतीत मात्र ओळींचे दोन्ही मार्ग तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात पुन्हा एकत्र येतात, त्यामुळे फक्त पाचवी पाहून त्यांतला फरक कळत नाही.

मधली आकृती गाळलेली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंचे अंतर एकत्र मोजावे. १, २, ४, ?, ३ या मालिकेत ४ वरून ३ वर पोचायला आठ घरांच्या फेरीत ७ घरे लागतात आणि ७ म्हणजे ३ + ४. म्हणून गाळलेले घर ४ + ३ = ७. बेरीज जुळली नाही, तर टप्पे १, २, ४ असे दुपटीने वाढत आहेत का ते तपासावे. फक्त तीन आकृत्या दिल्या असतील तर दोनच फरक मिळतात, आणि १, २ नंतर ३ की ४ हे त्यांवरून ठरत नाही. तिथे निर्णय पर्यायांवर सोडावा लागतो: दोन्ही घरे पर्यायांत असतील, तर तो प्रश्नच सदोष आहे.